पिवळा बेदाणा, पांढरी वाइन आणि दम्याची शिट्टी

प्रश्न : मी तासगावचा, वय ३८. लहानपणापासून दमा आहे, पंप घेतो पण नियमित नाही. आमचा घरचाच बेदाणा आहे. पिवळा बेदाणा मूठभर तोंडात टाकला की दहा-पंधरा मिनिटांत छाती आवळते आणि शिट्टी वाजू लागते. शिऱ्यातला बेदाणा खाल्ला तर मात्र काही होत नाही. दिवाळीत मित्राकडे पांढरी वाइन घेतली तेव्हाही असेच झाले. ॲलर्जीची तपासणी केली, द्राक्षाची ॲलर्जी नाही म्हणाले. मग हे सल्फाइटमुळे होते का? आणि आता बेदाणा कायमचा बंद करायचा का?

उत्तर :

नमस्कार. मी मिरजेत छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून बावीस वर्षे काम करते आहे. द्राक्षाच्या पट्ट्यात राहत असल्यामुळे बेदाणा आणि दमा यांची गाठ मला वारंवार पडते. आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती शिऱ्याची आहे. तोच बेदाणा, तेच शरीर, पण एकदा त्रास होतो आणि एकदा होत नाही. हा फरक का पडतो हे समजले, तर काय बंद करायचे आणि काय नाही याचे उत्तर बऱ्याच अंशी आपोआप मिळते. संशय सल्फाइटवरच जातो, असे मी आपल्या वर्णनावरून म्हणेन. मात्र संशय आणि निदान यांत अंतर असते आणि ते अंतर कसे पार करायचे हेही खाली लिहिते.

प्रथम हे सल्फाइट बेदाण्यात कोठून येते ते पाहू. आपल्याला ही पद्धत माहीतच आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून शेडमधील रॅकवर पसरतात. या द्रावणामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर उडून जाते. माल वाळत आल्यावर बंदिस्त जागेत त्याला गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो, तो बेदाण्यातील ओलाव्यात विरघळतो आणि तेथे त्याचे सल्फाइट होते. चिरलेले सफरचंद ज्या विकरामुळे तांबूस पडते, ते विकर हे सल्फाइट थोपवते. म्हणून बेदाणा सोनेरी राहतो, त्याला बुरशी लागत नाही आणि सौद्यात भाव मिळतो. नारिंगी रंगाच्या जर्दाळूचे कारणही हेच आहे. धुरी न दिलेला जर्दाळू तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी दिसतो. वाइनमध्ये हेच काम बहुधा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालून करतात. याखेरीज आंबवताना यीस्टही स्वतः थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे ‘सल्फाइट घातलेले नाही’ असे लिहिलेल्या बाटलीतही ते अगदी शून्य असेलच असे नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सल्फाइट, सल्फेट आणि ‘सल्फा’ गटातील औषधे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. सल्फा औषधाने अंगावर पुरळ उठलेल्या व्यक्तीला बेदाणा वर्ज्य नसतो, आणि सल्फाइटने धाप लागणाऱ्याला सल्फा औषध केवळ त्या कारणाने नाकारण्याची गरज नसते. नावातील साम्यामुळे रुग्णांच्या फाइलवर चुकीची नोंद होऊन ती वर्षानुवर्षे तशीच पुढे चालत आल्याचे मी पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. सल्फाइट हे शरीराला परके द्रव्य नाही. आपण खातो त्या प्रथिनांमधील गंधकयुक्त घटक वापरले जातात, तेव्हा शरीरातच सल्फाइट तयार होत असते. सल्फाइट ऑक्सिडेज नावाचे विकर त्याचे निरुपद्रवी सल्फेट करते आणि ते लघवीवाटे निघून जाते. तेव्हा रक्तात थोडे सल्फाइट आले म्हणून दमा उसळतो, हे स्पष्टीकरण बहुतेक रुग्णांना लागू पडत नाही. गोम अशी आहे की आम्लाच्या संपर्कात आल्यावर सल्फाइट पुन्हा मूळ रूपात, म्हणजे सल्फर डायऑक्साइड वायूत बदलते. सल्फाइट खाल्ले गेले, तरी ते वायू होऊन श्वासात ओढले जाते. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेला या वायूचे वावडे असते. निरोगी माणसाला जी मात्रा जाणवतही नाही, त्या मात्रेने तिचे स्नायू आखडतात. श्रम करताना दहा लाख भाग हवेत अर्धा भाग इतक्या अल्प प्रमाणातही दम्याच्या काही रुग्णांची श्वासनलिका आकुंचन पावते.

हा वायू दोन ठिकाणी तयार होतो. पहिले ठिकाण तोंड. बेदाणा मुळात आंबट-गोड असतो आणि वाइन तर त्याहून आम्लधर्मी असते. चावताना किंवा घोट तोंडात घोळवताना त्यातून थोडा वायू सुटतो आणि गिळतानाच्या श्वासाबरोबर घशातून खाली ओढला जातो. दुसरे ठिकाण जठर. तेथील आम्ल इतके तीव्र असते की मोकळ्या सल्फाइटचा मोठा भाग, जठर रिकामे असेल तर सुमारे निम्मा, विरघळलेल्या वायूच्या रूपात येतो. मग एखादी ढेकर त्याला वर आणते आणि पुढचा श्वास त्याला फुप्फुसाकडे नेतो. श्वासनलिकेच्या अस्तरातील संवेदनशील चेतातंतू या वायूने चाळवतात, मेंदूकडे संदेश जातो आणि प्रतिक्षिप्त क्रियेने श्वासनलिका आवळल्या जातात. काही रुग्णांना ॲट्रोपिनसारखे या चेतामार्गाला अडवणारे औषध आधी दिल्यावर त्रास झाला नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. त्यावरून या स्पष्टीकरणाला बळ मिळते. काही मोजक्या रुग्णांमध्ये सल्फाइट ऑक्सिडेज कमी पडत असावे आणि अगदी क्वचित कोणाला खरी ॲलर्जी असावी, असेही मानले जाते. पण माझ्या अनुभवात ‘वायू ओढला गेला’ हेच स्पष्टीकरण रुग्णांच्या हकिकतीशी सर्वांत जास्त वेळा जुळते. आपली द्राक्षाच्या ॲलर्जीची तपासणी नकारात्मक आली, तेही याच्याशी सुसंगत आहे. ती तपासणी रोगप्रतिकारक यंत्रणेची प्रतिक्रिया शोधते आणि येथील त्रास बहुतांशी त्या वाटेने येतच नाही.

वैद्यकीय वाङ्मयातील याविषयीच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९७३ सालची आहे. सौम्य दमा असलेल्या एका मुलाला हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीतील, सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया केलेली सुकी फळे खाल्ल्यावर खोकला आणि घरघर सुरू होत असे. त्यातील ‘हवाबंद पिशवी’ हा तपशील महत्त्वाचा आहे. बंद पिशवीत मालातून सुटलेला वायू वरच्या मोकळ्या जागेत साठून राहतो आणि पिशवी फोडून त्यात तोंड घालून खाणारा तो सरळ हुंगतो. नव्या बॉक्सचे झाकण उघडल्यावर नाकाला जो झणझणीत, काडी ओढल्यासारखा वास लागतो, तो हाच.

आता शिऱ्याकडे येऊ. बेदाण्यातील सगळे सल्फाइट सारख्या अवस्थेत नसते. काही मोकळे असते आणि काही साखर व इतर घटकांना जखडलेले असते. आम्ल लागताच मोकळे सल्फाइट झटपट वायू होते, तर जखडलेले फार सावकाश सुटते. शिरा करताना बेदाणा गरम पाण्यात किंवा दुधात फुगतो, त्यातील मोकळ्या सल्फाइटचा काही भाग पाण्यात उतरतो आणि काही वाफेबरोबर निघून जातो. वाटीभर शिऱ्यात दाणे दहा-बाराच असतात, ते रवा आणि तुपाच्या सोबतीने पोटात जातात आणि जठरातील आम्ल त्या अन्नात विरते. त्यामुळे एकाच क्षणी फारसा वायू सुटत नाही. मूठभर कोरडा बेदाणा रिकाम्या पोटी चावून खाणे ही याच्या नेमकी उलट परिस्थिती आहे.

थोडा हिशेब करून पाहू. धुरी दिलेल्या बेदाण्यात किलोमागे १००० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड आहे असे धरू. प्रत्यक्षात हा आकडा मालागणिक बराच बदलतो. तीस ग्रॅमची मूठ म्हणजे ३० मिलिग्रॅम. शिऱ्यातील दहा-बारा दाणे पाच-सहा ग्रॅमचे धरले, तर पाच-सहा मिलिग्रॅम, आणि त्यातलेही काही शिजताना गेलेले. लिटरला १०० मिलिग्रॅम सल्फाइट असलेल्या वाइनचा दीडशे मिलिलिटरचा पेला घेतला तर १५ मिलिग्रॅम. कागदावर पेल्यापेक्षा मुठीचा आकडा दुप्पट दिसतो. तरीही एखाद्याला मुठीने काही होत नाही आणि वाइनच्या दोन घोटांत खोकला सुटतो, कारण वाइन द्रव आहे, आम्लधर्मी आहे आणि तिच्यातील मोकळे सल्फाइट तोंडातच वायू सोडू लागते. म्हणून मी रुग्णांना सांगते की एकूण मिलिग्रॅम किती, यापेक्षा एका वेळी श्वासात किती गेले, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या वाइनच्या प्रसंगाबद्दल मात्र मी सावध राहीन. ती घटना एकदाच घडली आणि तीही दिवाळीत. फटाक्यांच्या दारूत गंधक असते आणि त्याच्या धुरात हाच सल्फर डायऑक्साइड असतो. शिवाय थंड हवा, जागरण आणि अनियमित पंप हे सारे त्या रात्री एकत्र आले असणार. वाइनने दमा उसळतो असे सांगणाऱ्यांना ऑस्ट्रेलियात देखरेखीखाली जास्त सल्फाइट असलेली वाइन देऊन पाहण्यात आली, तेव्हा त्यांपैकी थोड्यांनाच त्रास झाला. वाइनमध्ये हिस्टामिनसारखी इतर द्रव्ये असतात आणि काहींना मद्यार्कच सोसत नाही. ज्यांच्या नाकात पॉलिप, म्हणजे मांसल गाठी, आहेत आणि ज्यांना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने धाप लागते, त्यांना कोणत्याही मद्याने त्रास होण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे मी नेहमी विचारते की बिअर किंवा व्हिस्कीनेही असेच होते का, आणि लाल वाइन जास्त बाधते की पांढरी? व्हिस्कीत सल्फाइट जवळजवळ नसते आणि लाल वाइनमध्ये ते सर्वसाधारणपणे पांढरीपेक्षा कमी असते. तेव्हा व्हिस्कीनेही धाप लागत असेल, किंवा लाल वाइन पांढरीपेक्षा जास्त बाधत असेल, तर संशय सल्फाइटवरून दुसरीकडे वळवायला हवा. हे तपासण्यासाठी आपण मद्य घेऊन पाहावे असे माझे मुळीच सांगणे नाही. जुने अनुभव आठवून डॉक्टरांना सांगितले तरी पुरे.

दम्याच्या प्रत्येक रुग्णाला सल्फाइट बाधते असेही नाही. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याच्या प्रौढ रुग्णांपैकी सुमारे ४ टक्क्यांना ते बाधत असल्याचा अंदाज निघाला. ज्यांचा दमा तीव्र होता आणि ज्यांना स्टिरॉइडवर अवलंबून राहावे लागत होते, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते, तर बाकीच्यांत एक टक्क्याच्याही खाली. याचा अर्थ मी असा घेते की श्वासनलिकेला आधीपासून किती सूज आहे यावर पुष्कळ काही ठरते. अस्तर सुजलेले असेल तर वायूची लहानशी झुळूकही पुरते.

माझ्याकडील एका रुग्णाची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कवठेमहांकाळकडच्या एक शिक्षिका, वय ४१. रात्री अभ्यासाच्या वह्या तपासताना नवी पिशवी उघडून बेदाणा खाण्याची त्यांना सवय होती. पाच-दहा मिनिटांत खोकला, मग घरघर, आणि पंपाचे दोन झटके घेतल्यावर अर्ध्या तासात आराम, असे वर्षभरात सात-आठ वेळा झाले होते. अंगावर गांधी उठत नसत आणि ओठ सुजत नसत. उठल्या-सुजल्या असत्या, तर मी द्राक्षाच्या किंवा दुसऱ्या अन्नाच्या खऱ्या ॲलर्जीचा आधी विचार केला असता. खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी धाप लागते असे त्या म्हणाल्या असत्या, तरी मी सल्फाइटचा नाद सोडला असता, कारण सल्फाइटचा त्रास काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात दिसतो.

येथे माझ्याकडून आधी एक चूक झाली होती, ती सांगणे मला आवश्यक वाटते. पहिल्या भेटीत मी त्यांना सल्फाइटची भली मोठी यादी दिली आणि सगळे बंद करायला सांगितले. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा त्यांनी बेदाणा, जर्दाळू, सरबते, लोणची असे सारे सोडले होते, जेवताना भीती वाटत होती, आणि दमा मात्र होता तेथेच होता. कारण सूज कमी करण्यासाठी रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप त्या त्रास झाला तरच घेत होत्या आणि मी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. मग आम्ही क्रम उलटा केला. स्टिरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ, योग्य पद्धतीने, नंतर चूळ भरून, असा आठ आठवडे नियमित घेतला. घरी फुंकेचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर रोज दोनदा फुंकून आकडे वहीत लिहिले. आधी हे आकडे ३०० ते ३८०च्या दरम्यान खालीवर होत, ते ३७०-३९०वर स्थिरावले.

दमा स्थिर झाल्यावरच आम्ही रुग्णालयात चाचणी केली. या चाचणीत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अगदी कमी मात्रेपासून, टप्प्याटप्प्याने वाढवत देतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर स्पायरोमेट्रीने पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजतात. एक दिवस खोटी मात्रा देऊन तपासतात, म्हणजे नुसत्या भीतीने किंवा वारंवार फुंकून आकडा पडतो का हे कळते. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली तर चाचणी सकारात्मक धरतात. त्यांचा मूळ आकडा २.१० लिटर होता. कॅप्सूलमधून १०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिली तरी तो २.०० लिटरच्या खाली गेला नाही. दुसऱ्या दिवशी तेच द्रव्य सल्फाइट नसलेल्या लिंबाच्या सरबतात मिसळून, दहा-पंधरा सेकंद तोंडात घोळवून गिळायला दिले. २५ मिलिग्रॅमच्या टप्प्यावर आकडा १.५९ लिटरवर आला, म्हणजे २४ टक्क्यांची घट झाली. छातीत शिट्टी ऐकू येऊ लागली, आम्ही तेथेच थांबलो, नेब्युलायझर दिले आणि वीस मिनिटांत त्या पूर्ववत झाल्या. कॅप्सूलमधून चौपट मात्रा निमूट पचली आणि आंबट पाण्यातून पाव मात्रेने शिट्टी वाजली. वायू श्वासात गेल्यावरच त्रास होतो, याचा एवढा स्वच्छ दाखला माझ्या ओपीडीत फार थोड्या वेळा मिळाला आहे.

ही चाचणी घरी करून पाहू नये, हे मी आग्रहाने सांगते. कोरडा बेदाणा एक-एक दाणा वाढवत खाऊन पाहणे ही तीच चाचणी आहे, फक्त स्पायरोमेट्री आणि नेब्युलायझर जवळ नसलेली. आधी पंप मारून मग बेदाणा खाणे हाही मार्ग नव्हे, कारण पंपाने घटका दोन घटका लक्षण दबते आणि आपला अंदाज चुकतो.

आता ‘कायमचा बंद का’ याविषयी. निदान पक्के होईपर्यंत धुरी दिलेला कोरडा बेदाणा, नारिंगी जर्दाळू आणि वाइन बंद ठेवावी. शिऱ्यातील चार दाणे आपल्याला आजवर बाधलेले नाहीत, तर ते बंद करण्याची मला गरज वाटत नाही. अट एवढीच की त्या वेळी दमा ताब्यात असावा. बेदाणा भिजवून पाणी टाकून दिल्याने मोकळे सल्फाइट काहीसे कमी होते, पण जखडलेले आतच राहते. त्यामुळे भिजवलेला बेदाणा म्हणजे बिनगंधकी बेदाणा असे समजू नये. तो शिजत असताना पातेल्यावर वाकून वाफही घेऊ नये.

आपण उत्पादक असल्यामुळे आपल्याजवळ एक सोय आहे, जी शहरातल्या रुग्णाला नसते. घरच्या खाण्यापुरता दोन-चार किलो माल धुरी न देता वेगळा काढून ठेवता येतो. तो थोडाफार तपकिरी होऊ शकतो, पण चवीला कमी नसतो. बाजारातून घेताना मात्र केवळ रंगावर विसंबू नये. डिपिंग करून सावलीत वाळवलेला माल धुरीशिवायही फिकट राहू शकतो, आणि गडद दिसणाऱ्या मालाला कधीच धुरी मिळाली नसेल याची खात्री देता येत नाही. सुट्ट्या मालावर काहीच लिहिलेले नसते. पाकिटावर ‘सल्फाइट’ हा शब्द किंवा आयएनएस २२० ते २२८ यांपैकी एखादा क्रमांक शोधावा. आपल्याकडील नियमांनुसार किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असल्यास तसे लेबलवर जाहीर करावे लागते. हा दहाचा आकडा ‘येथपर्यंत सुरक्षित’ अशा अर्थाचा नाही. अमेरिकेत १९८६च्या सुमारास जेव्हा तो ठरला, तेव्हा प्रयोगशाळेतील प्रचलित पद्धतीने खात्रीने मोजता येणारी किमान मात्रा तेवढी होती, म्हणून तो आला. त्या पद्धतीत पदार्थ आम्लात उकळून सुटलेला वायू गोळा करतात, म्हणजे मोकळे आणि जखडलेले यांची बेरीज मोजतात. ती मात्रा आपल्या तोंडात किती वायू सोडेल हे त्या आकड्यावरून समजत नाही.

आपण विचारले नाही, पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती शेडची. फेब्रुवारी ते एप्रिलच्या हंगामात आपण धुरीच्या वेळी तेथे उभे राहता का? घरच्या सुनाबाळा किंवा मजूर माल हलवायला लगेच आत जातात का? खाल्लेल्या सल्फाइटचा थोडासाच भाग वायू होऊन श्वासात जातो, येथे तर वायूच श्वासात येतो, आणि तोही अंगमेहनत करताना, जेव्हा श्वास तोंडाने आणि खोल चालतो. नाकातून जाताना हा वायू बराचसा नाकातील ओलाव्यात अडतो, तोंडाने ओढलेला सरळ खाली जातो. रुमाल किंवा साधा कापडी मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. धुरी लावण्याचे आणि खोली उघडण्याचे काम दमा नसलेल्या व्यक्तीने करावे, खोली उघडल्यावर वारा खेळू द्यावा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय आपण आत जाऊ नये. आपला दमा हंगामात वाढतो की वर्षभर सारखाच असतो, हे मागच्या दोन वर्षांचे आठवून लिहून ठेवावे. हंगामातच वाढत असेल, तर मुठीतल्या बेदाण्यापेक्षा शेडमधील हवा अधिक दोषी आहे असे मी समजेन.

जवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे जाताना एक वही न्यावी. त्रास झाला त्या प्रत्येक वेळी काय खाल्ले, किती खाल्ले, पोट रिकामे होते का, पिशवी नवी होती का, किती मिनिटांनी सुरू झाले आणि पंपाचे किती झटके लागले, इतके लिहिलेले असले तर अर्धे निदान तेथेच होते. स्टिरॉइडचा पंप मात्र त्या भेटीची वाट न पाहता, आपल्या डॉक्टरांनी आधी सांगितलेल्या मात्रेत आजपासून नियमित सुरू करावा. तत्काळ आराम देणारा रिलीव्हर पंप घेऊनही धाप उतरत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर कारण शोधत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

सल्फाइटचे निदान झालेच तर ते दंतवैद्यांनाही सांगावे, कारण ॲड्रेनलिन मिसळलेल्या भुलीच्या इंजेक्शनात ते टिकवण्यासाठी सहसा मेटाबायसल्फाइट असते आणि त्याशिवायची भूलही मिळते. तातडीच्या वेळी द्यायच्या ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनातही ते असते. पण तेथे नियम वेगळा आहे. त्यातील मात्रा अत्यल्प असते, ती पोटात न जाता स्नायूत दिली जाते आणि ते औषध जीव वाचवते. म्हणून तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात कोणी ॲड्रेनलिन देत असेल, तर ‘मला सल्फाइट चालत नाही’ असे म्हणून ते आपण किंवा आपल्या घरच्यांनी थांबवू नये. घरच्यांना हे आजच सांगून ठेवावे, कारण त्या वेळी आपल्याला बोलता येईलच असे नाही.